फर्स्ट इयरच्या पोरांना अर्ध्या तासात कॅड दाखवायचंय, काय दाखवू?

मृण्मयी_के
नमस्कार मंडळी, एक सल्ला हवाय. माझ्या जुन्या कॉलेजातून बोलावणं आलंय, सांगली जिल्ह्यातलं साधं सायन्स कॉलेज आहे, इंजिनिअरिंग नाही. मी पुण्यात प्लास्टिक पार्ट्सच्या डिझाईनमधे काम करते हे आमच्या जुन्या फिजिक्सच्या सरांना माहीत आहे म्हणून त्यांनी सांगितलं की एफवायच्या मुलांना कॅड म्हणजे काय, ते कुठे वापरतात आणि त्यांना स्वतःला त्यात काय बनवता येईल हे अर्ध्या तासात दाखव. ऐंशी-एक मुलं असतील, एक प्रोजेक्टर, कॉलेजने गेल्या वर्षी घेतलेला एक थ्रीडी प्रिंटर जो बहुतेक वेळ झाकून ठेवलेला असतो, आणि बावीस कॉम्प्युटरची लॅब. मुलांपैकी बहुतेकांनी कॅड हा शब्द फक्त क्लासच्या बोर्डावर वाचलाय.

मी स्लाईड्स करायला घेतल्या, बोइंग ७७७ चा फोटो टाकला कारण ते विमान पूर्णपणे कॉम्प्युटरवर डिझाईन केलेलं म्हणून ओळखलं जातं, मग गाडीची चासी, पूल, पंप, दागिने असं करत करत वीस फोटो झाले आणि ते बघून मलाच वाटलं की यातून मुलांच्या हाताला काहीच लागणार नाही. कुणी असं सेशन घेतलंय का? नेमकं काय दाखवलंत? सॉफ्टवेअर कुठलं वापरलंत?

टूलरूम_भोसरी
मृण्मयीताई, वीस फोटो काढून टाका, एक ठेवा हवं तर. एकच पार्ट घ्या आणि तो त्यांच्यासमोर शून्यापासून करा, आणि पार्ट असा निवडा की त्याची त्या कॉलेजात खरोखर गरज आहे.

मी मोल्ड डिझाईनमधे बरीच वर्षं आहे, नवीन ट्रेनी येतात तेव्हा बघतो, त्यांना कमांड सगळ्या येतात पण कॅड म्हणजे ड्रॉइंग बोर्डाचा कॉम्प्युटर एवढंच डोक्यात असतं. म्हणून मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट दाखवतो. स्केचमधे एक वेडावाकडा चौकोन हाताने काढायचा, मुद्दाम तिरका. मग त्याला सांगायचं ही रेघ आडवी, ही उभी, या दोन सारख्या, ही ४० मिमी, हा कोपरा मूळ बिंदूवर. प्रत्येक वेळी चौकोन हलतो आणि जागेवर येतो. शेवटी रंग बदलतो. फ्रीकॅडमधे सगळं बांधलं गेलं की स्केच हिरवं होतं, सॉलिडवर्क्समधे निळ्याचं काळं होतं. तो क्षण मुलांना कळतो, की मी आकार काढत नाहीये, मी नियम सांगतोय आणि आकार त्यातून येतोय.

आणि हे काही नवीन फॅड नाही बरं का. १९६३ साली एमआयटीत आयव्हन सदरलंड यांनी स्केचपॅड केलं तेव्हाच त्यात हे होतं, स्क्रीनवर लाईट पेनने रेघा अंदाजे मारायच्या आणि मग मशीनला सांगायचं या दोन समांतर कर. ऑटोकॅड आलं ते १९८२ ला, म्हणजे जवळजवळ वीस वर्षांनी. मुलांना हा एक किस्सा सांगा, इतिहासाचं तेवढंच पुरे.

दुसरी गोष्ट, पार्ट पूर्ण झाला की एक माप बदला आणि सगळा पार्ट नव्याने उभा राहिलेला दाखवा. हे नाही दाखवलं तर कॅड दाखवलंच नाही असं मी म्हणेन.

जाड_रेघ
टूलरूम यांच्याशी अर्धा सहमत. मी पॉलिटेक्निकला ड्रॉइंग शिकवतो. थ्रीडीने मुलं खूष होतात, पण भोसरीत किंवा मिरजेत कुठल्याही शॉपमधे जा, टर्नरच्या हातात कागदच असतो. त्यावर तीन व्ह्यू, मापं आणि टॉलरन्स. आपल्याकडे फर्स्ट अँगल प्रोजेक्शन, म्हणजे वरून दिसणारा व्ह्यू खाली येतो, हे ज्याला माहीत नाही तो मॉडेल करूनसुद्धा पार्ट उलटा बनवून घेईल. माझं मत आहे की पहिली पंधरा मिनिटं फळ्यावर तीन व्ह्यू काढायला लावा. एखादी साधी वस्तू द्या, डस्टर सुद्धा चालेल.

टूलरूम_भोसरी
सर, ड्रॉइंगचं महत्त्व मी नाकारत नाही, माझं निम्मं काम तेच आहे. पण तिच्याकडे तीस मिनिटं आहेत आणि ही सायन्सची मुलं आहेत. व्ह्यू हे मॉडेल झाल्यावर दोन क्लिकमधे काढून दाखवता येतात, तेव्हा मूल विचारतं की वरचा व्ह्यू खाली का आला, मग सांगायचं. प्रश्न आधी पडू द्यावा.

जाड_रेघ
प्रश्न पडायला आधी हाताने काढलेलं असावं लागतं. असो, इथे आपलं जमणार नाही.

ऋतुगंध
माझी मुलगी यंदा एफवायला आहे, तिला कॅडसाठी कोणता लॅपटॉप घ्यावा? दुकानदार म्हणतो ग्राफिक कार्डवाला घ्या नाहीतर चालणारच नाही, बजेट पन्नासच्या आत आहे. आणि क्लास लावावा का?

मृण्मयी_के
ऋतुगंधताई, धागा जरा वेगळा आहे पण सांगते. सुरुवातीला जे छोटे पार्ट करणार त्याला वेगळं ग्राफिक कार्ड लागत नाही. रॅम १६ जीबी असेल तर बरं, ८ वर फ्रीकॅड चालतं पण सोबत ब्राउझरचे दहा टॅब उघडे नकोत. आणि सगळ्यात आधी तीन-चारशे रुपयांचा चाक असलेला माऊस घ्या. टचपॅडवर मॉडेल फिरवताना मुलं इतकी वैतागतात की सोडून देतात, चाकाच्या माऊसने फिरवायची सवय एकदा लागली की काम सोपं होतं. क्लासचं महिनाभर थांबा, तिला आवडतंय का ते घरीच कळेल.

मृण्मयी_के
मंडळी, सरांशी फोनवर बोलले आणि पार्ट मिळाला! फिजिक्स लॅबमधल्या पॉवर सप्लायचे नॉब गेलेत. व्होल्टेज वाढवायचा पोटेन्शियोमीटर असतो ना, त्याचा नुसता शाफ्ट बाहेर आलाय आणि मुलं तो पकडीने फिरवतात. सरांनी व्हर्नियरने मोजून पाठवलं, शाफ्ट ६ मिमी गोल, एका बाजूने सपाट केलेला, सपाट बाजूपासून समोरच्या टोकापर्यंत ४.५ मिमी. बाहेर आलेली लांबी १५ च्या आसपास.

काल फ्रीकॅडमधे करून बघितला, हा क्रम बोलताना जमेल का सांगा. आधी एक स्प्रेडशीट, त्यात दोनच खाने, एकाला नाव `shaft` किंमत ६ मिमी, दुसऱ्याला नाव `sail` किंमत ०.२ मिमी, म्हणजे भोक किती सैल ठेवायचं ते. मग स्केचमधे २४ चं वर्तुळ, त्याला १६ मिमी उंची दिली की गोल ठोकळा. आता भोकाचं स्केच. वर्तुळ काढायचं, त्यातून उभी रेघ मारायची, नको तो तुकडा छाटायचा, इंग्रजी डीसारखा आकार राहतो. व्यासाच्या जागी ६.२ असं न टाकता `Spreadsheet.shaft + Spreadsheet.sail` लिहायचं, आणि सपाट रेघेचं केंद्रापासूनचं अंतर `(Spreadsheet.shaft + Spreadsheet.sail) / 2 - 1.5 mm`, म्हणजे आत्ता १.६ मिमी. हे भोक १२ मिमी खोल. मग बाहेरून पकड यावी म्हणून एक छोटी खाच, तिला गोल फिरवून अठरा करायच्या. वरती एक काटा, म्हणजे नॉब कुठे फिरलाय ते दाखवणारी खोबण. शेवटी कडा मारायच्या.

आणि यात एक मस्त गोष्ट सापडली. डीची सपाट रेघ केंद्रापासून १.६ मिमीवर आहे एवढं सांगितलं आणि ती उभी आहे हे सांगायचं राहू दिलं, तर स्केच हिरवं होत नाही, आणि माऊसने ओढलं तर अख्खा डी केंद्राभोवती गरगर फिरतो. आकार बघायला अगदी बरोबर, सगळी मापं बरोबर. पण असा नॉब छापला तर काटा शून्याऐवजी कुठेही दाखवेल! मुलांना हेच मुद्दाम करून दाखवणार आहे, त्यांनाच विचारणार की काय राहिलं.

टूलरूम_भोसरी
वा, हाच पार्ट. डी फिरणारा प्रसंग तर शंभर स्लाईडच्या वर आहे. दोन सूचना. एक, कडा गोल करणं किंवा मारणं सगळ्यात शेवटी ठेवा, तुम्ही ठेवलंच आहे. फ्रीकॅडच्या जुन्या व्हर्जनमधे मधलं माप बदललं की कडांचे नंबर बदलायचे आणि गोलाई भलत्याच कडेवर जाऊन बसायची किंवा मॉडेल मोडायचं. १.० मधे, म्हणजे २०२४ च्या नोव्हेंबरात आलेल्या, हे पुष्कळ सुधारलंय पण लॅबच्या मशीनवर कुठलं व्हर्जन आहे ते आधी बघा.

दोन, हा नॉब छापताना वरची बाजू बेडवर खाली आणि भोक वर अशी ठेवावी, म्हणजे आत सपोर्ट लागत नाही. पण मग बेडला लागलेली कड गोल केलेली असेल तर ती खराब येते, कारण गोलाई बेडच्या अगदी लगत जवळजवळ आडवी सुरू होते आणि तिथल्या थरांना खाली आधार नसतो. तिथे ४५ अंशात कड मारा, ती स्वच्छ येते. बघा, एकाच कडेत मुलांना कळतं की आकार कसा बनणार आहे यावर तो कसा काढायचा हे ठरतं.

सचिन_प्रिंट्स
मी घरी प्रिंटिंगची कामं करतो, एक सांगतो, ते ०.२ वगैरे स्प्रेडशीटची भानगड कशाला. प्रिंटरवर भोक नेहमी लहानच येतं हे खरंय, पण सोपा उपाय म्हणजे स्लायसरमधे अख्खा नॉब १०३ टक्के करायचा. ६ चं ६.१८ होतं, बसतो झकास. मी गिऱ्हाइकांना असेच देतो, आजपर्यंत कुणाची तक्रार नाही.

टूलरूम_भोसरी
सचिन, नॉबला चाललं कारण नॉब बाहेरून २४ चा २४.७ झाला तरी कुणाचं बिघडत नाही. पण हिशोब बघ. भोक लहान येतं त्याचं कारण वितळलेलं प्लास्टिक आतल्या बाजूला थोडं सरकतं आणि दोरा ठरल्यापेक्षा किंचित जाड बसतो. हा फरक साधारण ठरावीक असतो, समज ०.२ मिमी, भोक ६ चं असो की ३ चं. आता ३ मिमी स्क्रूच्या भोकाला १०३ टक्के केलंस तर ०.०९ वाढलं, स्क्रू अडकणार. आणि तेच ५० मिमीच्या बेअरिंगच्या जागेला केलंस तर १.५ मिमी वाढलं, बेअरिंग खुळखुळणार. वर दोन स्क्रूंमधलं अंतर १०० असेल तर ते १०३, मग समोरच्या भोकांशी जुळणारच नाही. म्हणून जिथे शाफ्ट बसतो तिथेच सैल द्यायचं, बाकी मापाला हात लावायचा नाही.

सचिन_प्रिंट्स
स्क्रूचं पटलं. माझ्या एका गिऱ्हाइकाचं कव्हर बसेना तेव्हा मी प्लास्टिकला दोष दिला होता. पण मग टक्केवारी स्लायसरमधे असते तरी कशाला?

पाटील_शिरोली
मी बोलू का मधे? आमची फाउंड्री आहे कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत, आणि आमच्याकडे टक्केवारीच चालते. ग्रे आयर्न ओतलं की थंड होताना साधारण १ टक्का आकसतं. ते सगळीकडून आकसतं, मोठं माप जास्त, छोटं माप कमी. म्हणून वाळूत साचा उठवायचा लाकडी पॅटर्न अख्खाच १ टक्का मोठा. कॅड यायच्या आधी आमचे पॅटर्नमेकर मिस्त्री वेगळी पट्टीच वापरायचे, तिच्यावरचे आकडेच ताणून छापलेले, म्हणजे तो ४०० मोजायचा आणि लाकूड ४०४ कापलं जायचं. आमच्या वडिलांच्या काळातली अजून ड्रॉवरमधे आहे.

पण नुसती टक्केवारीही नाही. पंपाच्या बॉडीचं उदाहरण घ्या. तयार भोक ६० पाहिजे. ते मशीनवर कापायचं आहे म्हणजे आतून प्रत्येक बाजूला ३ मिमी माल जास्त ठेवायचा, तर ओतलेलं भोक ५४. हे ठरावीक. आता त्या ५४ वर १ टक्का, भोकाच्या जागी साच्यात ठेवायचा वाळूचा कोर निघाला ५४.५४ चा. कोणी पोरगं आधी ६० ला १ टक्का लावतं ६०.६० आणि मग ६ वजा करतं ५४.६०, फरक थोडाच येतो पण मोठ्या जॉबला जाणवतो आणि मुळात विचार चुकला. आणखी एक, पॅटर्न वाळूतून वर ओढायचा असतो म्हणून उभ्या भिंतींना एक-दोन अंशाचा उतार लागतो. आता आम्ही मशीन झालेला पार्ट आणि ओतकामाचा पार्ट अशी दोन मॉडेल एकातून एक काढतो, गिऱ्हाइकाने माप बदललं की दोन्ही बदलतात. आधी मिस्त्रीला परत बसवावं लागायचं.

पोरांना हे सांगा ताई, कारण तुमच्या सांगली-कोल्हापूर भागात ओतकाम करणारे कारखाने घराजवळ आहेत, त्यांनी ते बाहेरून बघितलेत.

टूलरूम_भोसरी
पाटील साहेब, हे फार छान आलं. आमच्या मोल्डमधेही प्लास्टिकच्या श्रिंकेजला टक्केवारीच. सचिन, तुझ्या प्रश्नाचं उत्तर यात आहे, माल आकसतो तिथे टक्के, यंत्राचा दोरा किंवा कटर जाड असतो तिथे ठरावीक मिमी. लेझरने एमडीएफ कापताना पण तेच, झोताच्या रुंदीइतका माल जळतो, डब्याच्या खाचा जुळवायच्या तर ती रुंदी मापात धरावी लागते, डबा लहान असो मोठा असो.

कोड_वाली_अदिती
मी बीसीए शिकवते त्यामुळे मला एक सुचवायचंय. मृण्मयी, ०.२ हे तू अंदाजाने घेतलंयस ना? कॉलेजच्या प्रिंटरला किती लागतं ते कॉलेजच्याच प्रिंटरला माहीत. पूर्ण नॉब छापून बघायला तासभर जाईल, त्याऐवजी चार भोकांची एक पट्टी छाप, ती लवकर होते. ओपनस्कॅडमधे हे असं, कोडवाली मुलं असतील तर त्यांना हेच जास्त आवडेल.

```
bhok = [6.1, 6.2, 6.3, 6.4];
kaap = 1.5;
$fn = 96;
difference() {
  cube([60, 16, 4]);
  for (i = [0:3])
    translate([9 + i*14, 8, -1])
      difference() {
        cylinder(d = bhok[i], h = 6);
        translate([bhok[i]/2 - kaap, -5, -1])
          cube([10, 10, 8]);
      }
}
```

`$fn` ची ओळ मुद्दाम घातलीय. ती काढली तर ओपनस्कॅड आपल्या नेहमीच्या हिशोबाने एवढ्या छोट्या वर्तुळाला फक्त दहा बाजू देतं. कोपरे ६.२ च्या वर्तुळावर असतात पण समोरासमोरच्या सपाट बाजूंमधलं अंतर भरतं ५.९ मिमी, मग ६ चा शाफ्ट जाणार कसा. आणि हे फक्त ओपनस्कॅडचं नाही, प्रिंटरला जी एसटीएल फाईल देतो तिच्यात गोल असं काही नसतंच, सगळे छोटे त्रिकोण. एक्सपोर्ट करताना जाडंभरडं ठेवलं तर भोक स्क्रीनवर झूम केल्यावर कोपरे दिसतात, तेव्हाच ओळखायचं.

मृण्मयी_के
अदिती हे मस्तच, पट्टी सरांना पाठवते आधी छापायला.

एफवाय_ओंकार
मी त्याच कॉलेजात नाही पण एफवायलाच आहे. एक शंका, एसटीएल म्हणजेच कॅड फाईल ना? मी नेटवरून एक एसटीएल घेतली, एका मोबाईल होल्डरची, तिच्यात मला फक्त रुंदी वाढवायची होती तर फ्रीकॅडमधे काहीच सिलेक्ट होईना, नुसती जाळी दिसते. आणि दुसरी एक फाईल उघडली तर एवढीशी दिसते की सापडतच नाही.

टूलरूम_भोसरी
ओंकार, एसटीएलमधे फक्त बाहेरचं कातडं असतं. कुणी आधी स्केच काढलं, मग उंची दिली, मग भोक पाडलं हा क्रम त्यात उरत नाही, त्यामुळे रुंदी नावाची गोष्टच त्यात नाही जी बदलता येईल. मूळ मॉडेल मागायचं, नाहीतर स्टेप फाईल, तिच्यात निदान खरे गोल आणि सपाट पृष्ठभाग असतात. तेही नसेल तर व्हर्नियर घे आणि स्वतः नव्याने काढ, मोबाईल होल्डरला फार वेळ नाही लागणार. एवढीशी दिसणारी फाईल बहुतेक इंचात केलेली असेल, एसटीएलमधे नुसते आकडे असतात, एकक लिहिलेलंच नसतं. २५.४ पट मोठी करून बघ. इथे मात्र सचिनची टक्केवारी कामाला येते, २५४० टक्के.

सचिन_प्रिंट्स
मिळालं उत्तर, धन्यवाद 🙂

मृण्मयी_के
मंडळी, सेशन झालं, सविस्तर लिहिते कारण तुम्ही सगळ्यांनी एवढं दिलंत.

लॅबच्या मशीनवर फ्रीकॅडचं जुनं व्हर्जन होतं म्हणून माझाच लॅपटॉप लावला. बोइंगचा फोटो शेवटी ठेवलाच नाही. सुरुवातीलाच उघडा शाफ्ट असलेला पॉवर सप्लाय टेबलावर ठेवला आणि एका मुलीला वर बोलावून व्हर्नियरने मोजायला लावलं, तिने ५.९८ सांगितलं, मग ६ की ५.९८ यावरून मागच्या बाकांवर चर्चा सुरू झाली. मी म्हटलं दोन-तीन ठिकाणी मोज, तर ५.९६ पण आलं. मग सांगितलं की शाफ्ट ६ चा म्हणूनच बनवलेला असतो पण थोडा कमीच ठेवतात म्हणजे आत जाईल. टॉलरन्स हा विषय मी ठरवून घेतला नव्हता, तो त्यांनीच काढला.

स्केच हिरवं होणं आवडलं. डी गरगर फिरला तेव्हा हसले, पण काय राहिलं विचारल्यावर बराच वेळ कुणी बोलेना, मग एक मुलगा म्हणाला मॅडम त्याला दिशा नाही सांगितली. उभी असल्याची खूण लावली, हिरवं झालं. नंतर मी `shaft` मधे ६ च्या जागी ६.३५ टाकलं, पाव इंची शाफ्टचेही पोटेन्शियोमीटर मिळतात म्हणून, आणि भोक मोठं झालं, सपाट बाजू पण सरकली, बाहेरचा व्यास तसाच राहिला. एकीने विचारलं की बाहेरचा व्यास का नाही वाढला. हा प्रश्न मला सगळ्यात आवडला. म्हटलं मी तो २४ असा बांधलाय कारण बोटांची पकड बदलत नाही, पण तुला भिंतीची जाडी कायम ठेवायची असती तर व्यास शाफ्टवरून काढायचा असता, हे ठरवणं आपलं काम. पाटील साहेबांचा पंप पण सांगितला, तिथे तीन-चार मुलांचे वडील शिरोलीला किंवा कुपवाडला कामाला आहेत असं निघालं आणि ड्रॉवरमधल्या त्या पट्टीबद्दल फार विचारलं.

अदितीची पट्टी सरांनी आदल्या दिवशी छापून ठेवली होती, मुलांनी शाफ्टवर स्वतः बसवून बघितली. ६.१ गेलंच नाही, ६.२ अर्ध्यात अडकलं, ६.३ दाबून छान बसलं, ६.४ सैल. मग स्प्रेडशीटमधे `sail` ०.३ केलं आणि त्या मापाने नॉब प्रिंटला लावून दिला, संपायला वेळ लागणार होता म्हणून सेशननंतर ज्यांना थांबायचं ते थांबले. बसला, आणि काटा शून्यावर आला.

शेवटी काय काय बनवता येईल असं त्यांनीच सांगितलं: खिडकीच्या जाळीची क्लिप, ऑप्टिक्सच्या प्रयोगातल्या भिंगाचा स्टँड, सायकलच्या दिव्याचा कंस, बायोलॉजीवाल्यांनी स्लाईड ठेवायचा ट्रे म्हटलं. एकाने ड्रोनचा पंखा म्हटलं, त्याला मी थांबवलं, वेगाने फिरणारी वस्तू थरांमधून सुटते तेव्हा डोळ्याला लागते, ते पहिलं काम नको.

जाड_रेघ सर, व्ह्यू काढायला वेळ उरला नाही. एक मुलगा म्हणाला कागदावर कसं देतात हे पुढच्या वेळी दाखवा, तुम्ही मिरजेकडे येणार असाल तर सरांचा नंबर व्यनि करते.

आता राहिलेला प्रश्न. दुसऱ्या पॉवर सप्लायचा शाफ्ट पूर्ण गोल निघाला, सपाट बाजूच नाही. तिथे नॉब पकडणार कशाने? मुलांना पुढच्या शनिवारपर्यंत विचार करायला सांगितलंय. आणि लॅबमधे फ्रीकॅड नवीन टाकायचं की ऑनशेप वापरायचं हेही सर विचारतायत.

टूलरूम_भोसरी
गोल शाफ्टला बाजूने एम३ चा ग्रब स्क्रू. पण प्लास्टिकमधे थेट आटे पाडले तर दोनदा घट्ट केल्यावर निघून येतात. भोकाच्या बाजूला एक खिसा ठेवायचा, त्यात एम३ चा नट सरकवायचा. नट सपाट बाजूंमधे ५.५ मिमी आणि जाडीला २.४ असतो, खिसा ५.८ आणि २.७ पासून सुरू करा आणि पट्टी छापून बघा. नट आणि शाफ्ट यांच्यामधे प्लास्टिकची भिंत किमान २ मिमी राहू द्या, नाहीतर स्क्रू कसला की ती चिरते. २४ च्या नॉबमधे हे सगळं आरामात बसतं. हे मुलांना आधी सांगू नका.

ऑनशेपबद्दल, ते ब्राउझरमधे चालतं म्हणून जुन्या मशीनला बरं, पण फुकट प्लॅनमधली मॉडेल सगळ्यांना दिसतात आणि बावीस मशीनला एकाच वेळी नेट पुरायला हवं. शिक्षणाचं खातं कॉलेजच्या मेलवरून मिळतं ते बघा.

कोड_वाली_अदिती
आमच्याकडे नेट दुपारी जातंच, म्हणून मी फ्रीकॅडच म्हणेन. पण ऑनशेपला इन्स्टॉलची कटकट नाही आणि मूल घरी दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर पण उघडू शकतं हे खरं आहे.

पाटील_शिरोली
ताई, त्या दहा-पंधरा पोरांना घेऊन या फाउंड्रीत, ओतकाम आम्ही दुपारी तीननंतर करतो. पायात बूट पाहिजेत, चप्पल असेल तर आत सोडणार नाही. ती पट्टीही दाखवतो.

ऋतुगंध
मुलीला माऊस आणला, तिने स्वयंपाकघरातल्या डब्याच्या झाकणाचं हँडल काढायला घेतलंय. हँडलचं स्केच हिरवं होत नाहीये, खाली लिहून येतंय अजून २ शिल्लक आहेत असं काहीतरी. काय करावं?

मृण्मयी_के
तिला सांगा रेघेचं टोक माऊसने धरून हलकेच ओढ, जे हलतंय तेच बांधायचं राहिलंय. बहुतेक स्केच मूळ बिंदूला कुठे जोडलेलंच नसेल, म्हणून अख्खं आडवंही सरकतं आणि उभंही, तेच दोन. मधला एक बिंदू मूळ बिंदूवर ठेवला की होईल हिरवं. नाही झालं तर स्क्रीनचा फोटो टाका इथे.